माठ अंगणात बसेना: चिकटवलेली वस्तू खोटी का दिसते आणि उजेडाची दिशा कशी जुळवायची

आमच्या भागातल्या एका कुंभारदादांना उन्हाळ्याच्या तोंडावर माठांचं पोस्टर हवं होतं. त्यांनी दुकानातच मोबाइलवर माठाचा फोटो काढून पाठवला. माझ्याकडे एका कोकणी घराच्या अंगणाचा फोटो होता. शेणानं सारवलेली जमीन, पडवीचे खांब, एका बाजूला सिमेंटची गोल कुंडी आणि दुपार कलल्यानंतरचं स्वच्छ ऊन. माठ नीट कापून अंगणात ठेवला. कडा स्वच्छ होत्या, आकार बरोबर होता, तरी दादांनी पाहताक्षणी विचारलं, "हा वरून चिकटवलाय का?"

मी कडा आणखी मऊ केल्या, रंग थोडा तांबूस केला, ब्राइटनेस कमीजास्त करून पाहिला. नवखा माणूस जे जे करतो ते सगळं केलं आणि फरक पडला नाही, कारण चूक कडांमध्ये नव्हतीच. अंगणातल्या प्रत्येक वस्तूवर ऊन उजवीकडून पडत होतं आणि माझा माठ डावीकडून उजळलेला होता. चित्रात दोन सूर्य झाले होते. तेच पोस्टर पुढे कसं दुरुस्त केलं ते क्रमानं सांगतो. माझं काम गिंपमध्ये चालतं, म्हणून मेनूची नावं तिथली आहेत. दुसऱ्या कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये हीच कामं जवळपास याच नावांनी सापडतील.

आधी अंगणातलं ऊन वाचा

वस्तू कापायला घेण्याआधी मागच्या फोटोकडे पाच मिनिटं नुसतं पाहा. दोन गोष्टी शोधायच्या: एक उभी वस्तू जिची सावली जमिनीवर पूर्ण दिसते, आणि एक गोल वस्तू जिला चमक नाही. माझ्या फोटोत पहिल्यासाठी पडवीचा खांब होता आणि दुसऱ्यासाठी कुंडी.

खांबाची सावली त्याच्या बुंध्यापासून डावीकडे आणि थोडी आपल्याकडे, म्हणजे फोटोत खाली उतरत येत होती. एवढ्यावरून सूर्य कुठे आहे ते कळतं. सावली डावीकडे पडते म्हणजे सूर्य उजवीकडे. ती आपल्याकडे येते म्हणजे सूर्य वस्तूंच्या थोडा मागच्या अंगाला. सावली आपल्यापासून लांब, फोटोत वर सरकत गेली असती तर सूर्य फोटो काढणाऱ्याच्या पाठीशी असता. ती सरळ आडवी पडली असती तर ऊन अगदी बाजूनं येत असतं. डावं-उजवं सगळे बघतात. पुढचं-मागचं बघायचं राहून जातं, आणि बहुतेक वेळा फसगत तिथेच होते.

आता नव्या लेयरवर एक रेघ खांबाच्या माथ्यापासून त्याच्या सावलीच्या टोकापर्यंत ओढा. तशीच दुसरी रेघ कुंडीच्या काठावरच्या एका बिंदूपासून त्याच बिंदूच्या सावलीपर्यंत ओढा. या रेघा म्हणजे उन्हाची किरणं. सूर्य इतका लांब आहे की अंगणात त्याची किरणं समांतरच असतात. फोटोत मात्र रुळांसारखी ती एका बिंदूकडे जुळत जाताना दिसतात. शेजारशेजारच्या वस्तूंमध्ये हा फरक फारसा जाणवत नाही, दूरच्या वस्तूंमध्ये जाणवतो. हा रेघांचा लेयर पुसू नका, सावली पाडताना तो परत लागणार आहे. घरातला एकच दिवा असेल तर गोष्ट वेगळी होते. तिथे सावल्या दिव्याच्या बरोबर खालच्या जागेपासून चहूबाजूंना पसरतात, त्यामुळे वस्तू कुठे ठेवता त्यावर सावलीची दिशा बदलते.

मग वस्तूवरचा उजेड वाचा, चंद्र वाचावा तसा

आता कुंडीकडे पाहा. तिच्यावर उजळ भाग आणि अंधारा भाग यांच्यामध्ये एक सीमा दिसते. चंद्रावर दिसते तशीच. चंद्राची कला म्हणजे तरी काय, एका गोळ्यावर उजेड कुठून पडतोय त्याचंच चित्र. मी त्यामुळे वस्तूंवरचा उजेड तिथींमध्ये वाचतो. उजेड अगदी बाजूनं आला की अष्टमी, अर्धा उजळ आणि अर्धा काळोखा. उजेड समोरून, कॅमेऱ्याच्या बाजूनं आला की पौर्णिमा, सगळीकडे सपाट उजळ. उजेड मागून आला की कडेला नुसती कोर उरते. अंगणातली कुंडी सप्तमीच्या आसपास होती, अर्ध्याहून जरा कमी उजळ. खांबाच्या सावलीनं जे सांगितलं होतं त्याच्याशी हे जुळलं: सूर्य बाजूला आणि थोडा मागे.

तिथीवरून पुढचं-मागचं कळतं. डावं-उजवं आणि वर-खाली यांसाठी वस्तूवर घड्याळाची तबकडी ठेवली आहे असं समजा आणि सगळ्यात उजळ जागा किती वाजता आहे ते पाहा. कुंडी दोनला उजळ होती. म्हणून माझ्या वहीत अंगणासाठी एवढंच लिहिलं होतं: दोन वाजता, सप्तमी.

मग दादांचा माठ घेतला. दुकानात डाव्या हाताला खिडकी, जराशी वरच्या बाजूला, आणि दादा खिडकीच्या जवळ उभे राहून फोटो काढत होते. माठ साडेनऊला उजळ होता आणि बराचसा भाग उजेडात होता, एकादशीच्या चंद्राएवढा. अंगण दोन वाजता सप्तमी, माठ साडेनऊला एकादशी. माठ खोटा का दिसत होता याचं पूर्ण उत्तर एवढ्या चार शब्दांत आहे.

फ्लॅश मारून काढलेले फोटो कुठेच का बसत नाहीत तेही यातून समजतं. फ्लॅश कॅमेऱ्याला लागूनच असतो, त्यामुळे वस्तू कायम पौर्णिमेची असते, आणि भर पौर्णिमेचं ऊन बाहेरच्या फोटोत क्वचितच सापडतं. त्यासाठी सूर्य बरोबर पाठीशी यावा लागतो.

जुळवण्याचे तीन मार्ग, सोप्यापासून अवघडाकडे

पहिला मार्ग वस्तू आडवी उलटवण्याचा. गिंपमध्ये `Layer > Transform > Flip Horizontally`. साडेनऊचं अडीच झालं. दोनला आणि अडीचला पंधरा अंशांचा फरक उरतो, पण तेवढा खपतो. किती खपतं ते पुढे सांगतो.

उलटवण्याआधी वस्तूला डावं-उजवं आहे का ते बघा. माठाला नाही, म्हणून इथे काम भागलं. माणसांच्या बाबतीत इतकं सोपं नसतं. शर्टाचा खिसा उजवीकडे जातो, घड्याळ दुसऱ्या हातात जातं, आणि आपल्याकडे नऊवारी काय किंवा साधी पाचवारी काय, डाव्या खांद्यावरचा पदर उजव्या खांद्यावर येतो. घरातल्या बायकांच्या ते लगेच लक्षात येतं. बाकी कुणालाही कळो न कळो, आजीच्या फोटोतला उलटा पदर नातवंडांना खटकतोच. तिथे उलटवू नका, दुसरा फोटो शोधा.

उलटवल्यानं घड्याळ बदलतं, तिथी बदलत नाही. एकादशीची एकादशीच राहते. म्हणून दुसरा मार्ग: अंधार रंगवून तिथी कमी करायची. इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. पौर्णिमेकडून अष्टमीकडे जाता येतं, उलट जाता येत नाही. उजळ भागात मातीचा पोत, ओरखडे, रंग सगळं नोंदलेलं असतं, त्यामुळे तो काळोखा केला तरी खरा वाटतो. पण कडक उन्हातली सावली उजळवायला गेलात तर आत दाणेदार करडेपणा सापडतो, आणि सावलीची कडक सीमा तर हटतच नाही. माझी एकादशी सप्तमीवर आणायची होती, म्हणजे वाट बरोबर दिशेची होती.

तिसरा मार्ग नव्यानं फोटो काढण्याचा, आणि तो शक्य असेल तर रंगकामात दोन तास घालवण्यापेक्षा तोच बरा. वस्तू गच्चीवर किंवा अंगणात न्यायची. मागच्या फोटोतलं ऊन साधारण किती वाजताचं असेल तो अंदाज घेऊन त्या सुमाराला न्यायची, आणि सूर्य उजवीकडे थोडा मागे येईल असं स्वतः फिरून उभं राहायचं. सूर्य हलवता येत नाही, पण आपण वस्तूभोवती फिरू शकतो. मागचा फोटो अजून ठरलेलाच नसेल तर वस्तूचा फोटो ढगाळ दिवशी किंवा मोकळ्या सावलीत काढून ठेवा. त्यावर कडक सावल्या नसतात, म्हणून नंतर हवा तिथे अंधार रंगवता येतो.

माठावर अंधार रंगवणं

कापलेल्या माठाच्या लेयरची प्रत करा: `Layer > Duplicate Layer`. वरच्या प्रतीवर `Colors > Curves` उघडा आणि रेघेचा मधला भाग खाली ओढा. किती, ते अंदाजानं ठरवू नका, अंगणाला विचारा. `Color Picker` नं उन्हातल्या जमिनीवर आणि सावलीतल्या जमिनीवर क्लिक करून उजळपणाचे आकडे घ्या. माझ्या फोटोत उन्हातली जमीन 78 आणि सावलीतली 32 होती. म्हणजे सावली उन्हाच्या चाळीस टक्क्यांच्या आसपास. माठाचा उजळ भाग 70 होता, तेव्हा अंधारा भाग 28 ते 30 पर्यंत आणला. यापेक्षा काळा केला असता तर माठ दुसऱ्याच कुठल्या कडक उन्हातला वाटला असता.

आता या काळ्या प्रतीवर राइट क्लिक करून `Add Layer Mask` घ्या आणि `Black (full transparency)` निवडा. काळी प्रत दिसेनाशी होईल. मोठा, मऊ कडांचा ब्रश घेऊन मास्कवर पांढऱ्या रंगानं डावीकडून रंगवत या, तसा अंधार परत उमटेल.

ही सीमा सरळ उभी रेघ नसते. चंद्रकलेची आतली कड जशी वळते तशी ती माठाच्या पोटाबरोबर वळली पाहिजे. ऊन वरून येतं म्हणून ती थोडी कललेलीही असते: वरच्या बाजूला डावीकडे झुकलेली, खाली उजवीकडे सरकलेली. सीमेचा मऊपणा कुंडीवर जेवढा दिसतो तेवढाच ठेवा.

आणखी एक बारीक गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त फरक हीच पाडते. नवखे लोक माठाची अगदी डावी कड सगळ्यात काळी करतात. खऱ्या वस्तूवर सगळ्यात गडद पट्टा सीमेच्या लगेच पलीकडे असतो, आणि तिथून कडेकडे जाताना अंधार पुन्हा थोडा फिका होतो. कारण त्या कडेला थेट ऊन नसलं तरी आजूबाजूच्या उजळलेल्या जमिनीवरून आणि भिंतीवरून उसळलेला उजेड मिळत असतो. सारवलेल्या अंगणावरून उसळलेला उजेड पिवळसर असतो. तेव्हा मास्कवर करड्या रंगानं डावी कड हलकीच उघडा. मी ही एक बारीक पट्टी उघडली आणि तोवर सपाट थाळीसारखा दिसणारा माठ गोल झाला. मात्र माठ जिथे स्वतःच्या सावलीला टेकतो तिथे उसळता उजेड पोचत नाही, तो भाग गडदच राहू द्या.

रंगाबद्दल थोडक्यात: उतरत्या उन्हात उजळ बाजू पिवळसर असते आणि मोकळ्या आकाशाखालची सावली निळसर. दुकानातला माठ सगळीकडे एकाच पांढुरक्या उजेडात होता. उजळ भाग किंचित पिवळा आणि काळी प्रत किंचित निळी केली, एवढं पुरलं.

जमिनीवरची सावली

माठाला सावलीच नसेल तर तो तरंगतो, आणि सावली टेकण्याच्या जागेपासून सुटलेली असेल तरीही तरंगतो. म्हणून इथे दोन सावल्या करायच्या आणि दोन्ही वेगवेगळ्या लेयरवर.

पहिली टेकण्याची. दादांनी माठ चुंबळीवर ठेवला होता, मी तो चुंबळीसकट कापला. चुंबळ जमिनीला भिडते तिथे, माठाच्या खालच्या लेयरवर, बारीक ब्रशनं एक अरुंद आणि खूप गडद रेघ ओढली. बोटभर जाडीचीही नको. तिथे जवळजवळ कुठूनच उजेड पोचत नाही, म्हणून चित्रातल्या सगळ्यात काळ्या जागांपैकी ती एक असते.

दुसरी पडलेली सावली. आता तो रेघांचा लेयर परत दाखवा. माठाच्या तळापासून, खांबाची सावली जमिनीवर ज्या दिशेनं गेली आहे त्या दिशेनं एक रेघ ओढा. माठाच्या माथ्यापासून, उन्हाच्या किरणांच्या रेघा जशा उतरतात तशी दुसरी. दोन रेघा जिथे मिळतात तिथे माठाच्या सावलीचं टोक. लांबीचा अंदाज करावाच लागत नाही.

माठाचा लेयर निवडून `Layer > Transparency > Alpha to Selection` करा. माठाच्या आकाराची निवड होईल. माठाच्या लेयरखाली नवा लेयर घेऊन त्या निवडीत करडा-निळा रंग भरा आणि लेयरचा मोड `Multiply` ठेवा. मग `Unified Transform` नं तळ जागेवर ठेवून तोंडाचं टोक त्या मिळालेल्या बिंदूवर नेऊन टेकवा. कुंडीच्या सावलीशी शेजारी ताडून पाहत अपारदर्शकता वाढवा-कमी करा.

ही युक्ती माठाला चालते कारण माठ सगळ्या बाजूंनी सारखाच दिसतो. सावली म्हणजे सूर्याच्या जागेवरून दिसणारी आकृती, कॅमेऱ्याच्या जागेवरून दिसणारी नव्हे. समोरून काढलेल्या मोटारसायकलवर ऊन बाजूनं पडत असेल तर सावली मोटारसायकलच्या बाजूच्या आकाराची हवी, आणि ती समोरच्या आकारातून वाकवून मिळत नाही. तिथे हातानं काढावी लागते.

आता कड. सूर्य हा बिंदू नाही. त्याचं बिंब आकाशात सुमारे अर्ध्या अंशाचं दिसतं, म्हणून सावलीची कड वस्तूपासूनच्या अंतराच्या साधारण शंभराव्या हिश्शानं पसरते. माठ 40 सेंटिमीटर उंच धरला तर त्याच्या माथ्यापासून सावलीच्या टोकापर्यंत किरणाची लांबी साठेक सेंटिमीटर, म्हणजे टोकाची कड अर्ध्या-पाऊण सेंटिमीटरात विरते. फोटोत माठ 600 पिक्सेल उंच होता, तेव्हा हे जेमतेम दहा पिक्सेल झाले. `Filters > Blur > Gaussian Blur` मध्ये तेवढ्यासाठी 3 किंवा 4 पुरे होतात, कारण तिथला आकडा पूर्ण पसाऱ्याचा नसतो, धूसरपणा त्या आकड्याच्या बराच पलीकडे जातो. तळाजवळ कड जवळजवळ धारदार राहू द्या. मी सावलीच्या दोन प्रती केल्या, एक कमी धूसर आणि एक जास्त, आणि मास्कनं एकीतून दुसरीत नेलं. पोस्टरांमध्ये सर्रास दिसणारी चाळीस-पन्नास पिक्सेलची धुरकट सावली ढगाळ दिवसाची असते. स्वच्छ उन्हात ती लगेच उघडी पडते.

किती अचूक हवं

पंधरा अंश खपतात असं मी वर म्हटलं. युरी ऑस्ट्रॉव्हस्की, पॅट्रिक कॅव्हानाग आणि पवन सिन्हा यांनी 2005 साली दाखवलं की चित्रातल्या एखाद्या वस्तूवरचा उजेड इतरांशी विसंगत असला तरी माणसाला ती विसंगती शोधून काढणं आश्चर्य वाटावं इतकं जड जातं. माझा कामातला अनुभव याच्याशी जुळतो. दादांना "उजेड उलट्या बाजूनं आहे" असं काही दिसलं नव्हतं, त्यांना फक्त माठ तिथला वाटला नाही. म्हणून वेळ कुठे घालवायचा ते नीट ठरवा. डावं-उजवं, पुढचं-मागचं, सावलीचा गडदपणा आणि टेकण्याची रेघ, या चार गोष्टी चुकल्या तर डोळा अडखळतो. दहा-पंधरा अंशांच्या फरकावर रात्र जागवू नका.

बातमीत किंवा पुरावा म्हणून वापरायच्या फोटोंचा प्रश्न अगदी वेगळा आहे, तिथे असली जोडणी करूच नये. केली तर रेघा ती पकडून देतात. एरिक की, जेम्स ओब्रायन आणि हॅनी फरीद यांनी 2013 मध्ये मांडलेली तपासणी याच तत्त्वावर आहे: वस्तूवरचा बिंदू आणि त्याची सावली जोडणाऱ्या सगळ्या रेघा एकाच उजेडाशी जुळल्या पाहिजेत.

पोस्टर पाठवण्याआधी

मी तीन गोष्टी करतो. सगळ्यावर एक तात्पुरती प्रत घेऊन `Colors > Desaturate > Desaturate` नं काळी-पांढरी करतो. रंग गेला की उजेडाच्या चुका उघड्या दिसतात. मग `Image > Transform > Flip Horizontally` नं अख्खं चित्र उलटवतो, म्हणजे सरावलेला डोळा पुन्हा नवा होतो. शेवटी फोटो अंगठ्याच्या नखाएवढा लहान करून पाहतो. त्या आकारात माठ अंगणाच्या आधी डोळ्यात भरला तर बहुतेक वेळा त्याचा उजळ भाग अंगणापेक्षा उजळ असतो, किंवा अंधारा भाग कमी पडलेला असतो.

हे सगळं करूनही वस्तू बसत नसेल तर तोंडाकडे पाहा. माझ्या पहिल्या प्रयत्नात तेही चुकलं होतं. दुकानात दादांनी उभ्यानं, वरून फोटो काढला होता, त्यामुळे माठाचं तोंड बरंच उघडं दिसत होतं. अंगणाचा फोटो मात्र बसून काढलेला होता आणि कुंडीचा काठ जवळजवळ आडव्या रेघेसारखा दिसत होता. कॅमेऱ्याच्या उंचीतला हा फरक उजेड जुळवून मिटत नाही. मी दादांना पुन्हा फोन केला, आणि त्यांनी दुसऱ्या दिवशी दारात, माठाच्या पोटाच्या उंचीवर मोबाइल धरून फोटो काढून पाठवला. दाराचा उजेड पुन्हा डावीकडूनच होता, तिथीही एकादशीच. वर सांगितलेलं सगळं त्याच दुसऱ्या फोटोवर केलं, आणि पोस्टर त्याचंच छापलं.